छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळले, म्हणजे नेमकं काय जुळलं?

समजा, मुलगी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि मुलगा नेरूळचा. वधू-वर सूचक मंडळातून स्थळ आलं, दोन्हीकडून टिपणं गेली, कुणीतरी मोबाइलवर जन्मतारखा टाकल्या आणि पडद्यावर आकडा आला : ३६ पैकी ३६. घरात आनंदीआनंद. आता 'पत्रिका जुळली' असं सगळे म्हणणार. पण इथे पत्रिका जुळलेली नाही, गुण जुळलेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणमेलनात दोन्ही पत्रिकांतला एकच ग्रह पाहिला जातो, तो म्हणजे चंद्र. त्याचंही फक्त नक्षत्र आणि राशी. बाकीचे आठ ग्रह, लग्न, बारा स्थानं, दशा यांतलं काहीही या आकड्यात उतरत नाही.

हे नीट समजण्यासाठी हाच छत्तीसचा आकडा सुटा करून पाहू. वधूचा चंद्र वृषभ राशीत रोहिणी नक्षत्राच्या चौथ्या चरणात आहे. वराचा चंद्रही वृषभेतच, पण मृग नक्षत्राच्या पहिल्या चरणात. आठ कूटं आहेत आणि त्यांना १ पासून ८ पर्यंत चढते गुण आहेत. त्यांची बेरीज ३६.

वर्ण हे पहिलं कूट, गुण १. वर्ण राशीवरून ठरतो, जातीशी त्याचा संबंध नाही. दोघांची रास एकच, म्हणून १ मिळाला. वश्याचे २ आणि ग्रहमैत्रीचे ५ हेही राशीवरूनच येतात. ग्रहमैत्री म्हणजे राशीच्या स्वामींचं आपसात जमतं का. इथे दोघांचा राशिस्वामी शुक्रच, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही. पूर्ण ७ मिळाले. तारा या कूटाला ३ गुण. एकाच्या नक्षत्रापासून दुसऱ्याचं नक्षत्र मोजायचं, ९ ने भागायचं आणि बाकी ३, ५ किंवा ७ आली तर त्या बाजूचा दीड गुण गेला. रोहिणीपासून मृग दुसरं, मृगापासून रोहिणी सत्ताविसावं. दोन्हीकडे वाईट बाकी येत नाही, म्हणून ३. योनीला ४ : रोहिणी आणि मृग दोन्ही सर्प योनीची नक्षत्रं, म्हणून ४ पूर्ण. गणाला ६ : रोहिणी मनुष्यगण, मृग देवगण. वर देवगणी आणि वधू मनुष्यगणी असेल तर नेहमीच्या कोष्टकात ६ धरतात. उलट असेल तर ५. राशिकूट, ज्याला भकूटही म्हणतात, त्याला ७ : एकच रास, म्हणून ७. आणि शेवटी नाडी, ८ गुण : रोहिणीची अंत्य नाडी, मृगाची मध्य. नाडी वेगळी, म्हणून ८.

झाले ३६. अशी जोडी क्वचितच मिळते आणि कोष्टकाच्या हिशेबाने ती निर्दोषच आहे. पण वधू-वर उलटे करून पाहा, म्हणजे वधू मृगाची आणि वर रोहिणीचा. लगेच गणाचा एक गुण कमी होऊन ३५ होतात. गुणमेलन दोन्ही दिशांनी सारखं नसतं. पंचांगातलं कोष्टक स्वतः वाचणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच. उभ्या रांगेत कोण आणि आडव्या रांगेत कोण हे कोष्टकाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, तिकडे लक्षच जात नाही.

आता त्या कोष्टकाच्या आकाराकडे जरा पाहा, कारण गुणमेलनाची सगळी मर्यादा तिथेच दिसते. नक्षत्रं २७. त्यांतली नऊ नक्षत्रं दोन राशींत विभागलेली आहेत. मृगाचंच पाहा : पहिले दोन चरण वृषभेत, पुढचे दोन मिथुनेत. कृत्तिका, पुनर्वसू, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा आणि पूर्वाभाद्रपदा यांचंही तसंच. म्हणून कोष्टकात २७ नव्हे, तर ३६ रांगा होतात. (गुणही ३६ आणि रांगाही ३६, हा निव्वळ योगायोग.) म्हणजे जगातला प्रत्येक माणूस या छत्तीसपैकी एका खणात बसतो आणि लग्नाची प्रत्येक जोडी ३६ गुणिले ३६, म्हणजे १२९६ चौकोनांपैकी एका चौकोनात. त्याहून बारीक फरक या पद्धतीला दिसत नाही.

चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे ज्या दिवशी रोहिणी नक्षत्र आहे त्या दिवशी ठाण्यात, पनवेलला, नागपूरला किंवा दुबईला जन्मलेल्या सगळ्या मुलींचे आपल्या नेरूळच्या वराशी ३६ च गुण जुळतात. सकाळी जन्मलेली काय आणि मध्यरात्री जन्मलेली काय. एकाच प्रसूतिगृहात त्या दिवशी जन्मलेल्या चार मुलींचे स्वभाव, तब्येती आणि संसार सारखे होणार नाहीत, हे कुणालाही पटेल. ज्योतिषाला तर ते पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच पत्रिकेत चंद्राशिवाय इतर गोष्टी असतात.

त्यांतली पहिली म्हणजे लग्न. इथे लग्न म्हणजे विवाह नव्हे, जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. ती साधारण दर दोन तासांनी बदलते आणि लग्न बदललं की सगळ्या ग्रहांची स्थानं बदलतात. सर्वांच्या ओळखीचा मंगळ घेऊ. आपल्या वधूच्या जन्मदिवशी मंगळ कुंभ राशीत आहे. मंगळ दिवसभरात जेमतेम अर्धा-पाऊण अंश सरकतो, त्यामुळे त्या दिवशी जन्मलेल्या सर्वांच्या पत्रिकेत तो कुंभेतच. पण कर्क लग्नावर जन्म झाला तर तो आठवा, सिंह लग्नावर सातवा, कन्येवर सहावा, तुळेवर पाचवा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानातल्या मंगळाला 'मंगळ असणं' म्हणतात. म्हणजे त्याच दिवशी कर्क किंवा सिंह लग्नावर जन्मलेल्या मुलीला मंगळ आहे. दोन तासांनी कन्या लग्न लागलं की तिथून पुढे चारेक तास जन्मलेल्यांना नाही. वृश्चिक लग्न आलं की पुन्हा आहे. बारा लग्नांपैकी पाच लग्नांना मंगळ येतो. (हे पाहिलं की मंगळाचा बाऊ किती करायचा तेही कळतं. पाच-द्वादशांश जनता मंगळी आहे आणि तरी संसार चाललेत.)

गुणांच्या छत्तीस खणांत हा मंगळ कुठेच नाही. मोबाइलवरची ॲपं तो वेगळा दाखवतात, पण ३६ च्या मोठ्या आकड्याखाली एक बारीक ओळ असते आणि ती वाचायची राहते.

त्याच जोडीच्या दोन पूर्ण पत्रिका

आता या दोघांना लग्न देऊ. वधूचं लग्न सिंह. वराचा जन्म दत्तजयंतीचा, सकाळी साडेआठचा, ठाण्यातला. त्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्य वृश्चिकेत आणि चंद्र समोर वृषभेत होता. सूर्योदयाला वृश्चिक लग्न असतं आणि साडेआठपर्यंत धनू लग्न लागलेलं असतं. म्हणून वराचं लग्न धनू.

दोघांचा चंद्र एकाच राशीत, उच्चीचा. गुणमेलनाला तो एकसारखाच दिसला. पण सिंह लग्नापासून वृषभ दहावी, म्हणून वधूचा चंद्र कर्मस्थानात बसला. तिचं मन कामात रमणार, असं वाचणारा म्हणेल. धनू लग्नापासून वृषभ सहावी. सहावं स्थान रोग, ऋण, शत्रू यांचं, आणि धनू लग्नाला चंद्र आठव्या स्थानाचाही मालक. उच्चीचा असला तरी तो तिथे चिंता करणारा चंद्र आहे. एक रास, एक ग्रह, दोन अर्थ.

पुढे जोडीदाराचं, म्हणजे सातवं स्थान. वधूच्या सातव्यात कुंभेचा मंगळ. वराला मंगळ नाही. रूढ पद्धतीने इथेच स्थळ थांबतं, पण जाणता ज्योतिषी लगेच नाही म्हणणार नाही. सिंह लग्नाला मंगळ चौथ्या आणि नवव्या स्थानाचा स्वामी, म्हणजे एका केंद्राचा आणि एका त्रिकोणाचा. तो या लग्नाला शुभ मानतात आणि त्याचा दोष सौम्य धरतात. तरी सातव्यातला मंगळ म्हणजे जोडीदाराशी बोलण्यात धार असणार, हे तो सांगेल. वराचं सातवं स्थान मिथुन, त्याचा स्वामी बुध, आणि तो वृश्चिकेत सूर्याच्या अगदी जवळ, अस्तंगत होऊन बाराव्या स्थानात पडलाय. सप्तमेश व्ययस्थानी आणि अस्तंगत, ही वैवाहिक सुखाच्या दृष्टीने अशक्त बाजू. जोडीदारापासून दूर राहणं, बोलणं कमी पडणं, असा तिचा अर्थ लावतात. म्हणजे एकीकडे धारदार बोलणं आणि दुसरीकडे न बोलणं. छत्तीस गुणांच्या जोडीत पूर्ण पत्रिकेतून निघणारा हा पहिला प्रश्न आणि तो गुणांत कुठेही नव्हता.

मग दशा, म्हणजे आयुष्यातला कुठला काळ कुठल्या ग्रहाचा. विंशोत्तरी दशा चंद्राच्या नक्षत्रावरूनच सुरू होतात, पण गुणमेलन त्यांचा विचार करत नाही. रोहिणीला चंद्राची १० वर्षांची दशा. वधू चौथ्या चरणातली, म्हणून जन्मतः साधारण २ वर्षं उरली होती असं धरू. मग मंगळाची ७, राहूची १८. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षापर्यंत राहू आणि तिथून त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत गुरू. मृगाला मंगळाची ७ वर्षं. वराची ६ उरली होती असं धरू. मग राहू चोविसाव्या वर्षापर्यंत, गुरू चाळिसाव्या वर्षापर्यंत आणि नंतर शनीची १९ वर्षं. वय वधूचं २६, वराचं २९. म्हणजे लग्नानंतर वर्षभरात वधूची गुरूची दशा लागते आणि ती सत्तावीस ते सदतीस या वयात असेतो दोघंही गुरूच्याच दशेत असतात. दहा वर्षं. मात्र वराला गुरू लग्नेश आणि चतुर्थेश आहे, त्याच्यासाठी घर, वाहन, स्थैर्य. वधूला तो पाचव्याबरोबर आठव्या स्थानाचाही स्वामी आहे, म्हणून मिश्र. दोघांच्या दशा एकाच वेळी बदलत नाहीत, ही चांगली बाजू. दोघांची दशासंधी सहा-आठ महिन्यांच्या अंतराने आली तर जुने ज्योतिषी त्या काळाबद्दल सावध करतात.

आणि एक गंमत. गुण ३६ झाले ते रास एकच असल्यामुळे, पण त्याच कारणाने या दोघांची साडेसातीही एकदमच येते. शनी २०२५ च्या मार्चअखेर मीनेत आला. २०२७ मध्ये तो मेषेत जाऊ लागला की वृषभ राशीची साडेसाती सुरू होते आणि साधारण साडेसात वर्षं चालते. राशी एकमेकींपासून लांब असत्या तर एकाला साडेसाती असताना दुसरा मोकळा असता. साडेसाती मानणाऱ्या घरात हा मुद्दा छत्तीस गुणांपेक्षा जास्त बोलला जायला हवा.

एवढं पाहून ही जोडी वाईट ठरत नाही. फक्त '३६ पैकी ३६' या आकड्यातून जे निर्धास्त चित्र उभं राहिलं होतं, ते तसं राहत नाही.

सकाळचे साडेआठ की रात्रीचे?

वराच्या टिपणात 'सकाळी' ऐवजी 'रात्री' पडलं तर काय होतं? असं अनेकदा पडतं, कारण जन्मदाखल्यावर जन्माची वेळ सहसा नसते. ती इस्पितळाच्या कागदावर किंवा आजीच्या आठवणीत असते, आणि ॲपमध्ये टाकताना कुणीतरी चुकीचं बटण दाबतं. बारा तासांत चंद्र सहा-सात अंश पुढे जातो. आपला वर मृगाच्या पहिल्या चरणात, वृषभेच्या साधारण पंचविसाव्या अंशावर होता. बारा तासांनी चंद्र मिथुनेत गेलेला असतो, म्हणजे मृगाच्या तिसऱ्या चरणात. नक्षत्र तेच, रास वेगळी.

आता गुण पुन्हा मोजा. मिथुनेचा वर्ण वृषभेच्या वर्णाखालचा, म्हणून वर्णाचा १ गेला. वश्याचा एक गेला. राशी एकीपुढे एक, म्हणजे द्विर्द्वादश, म्हणून राशिकूटाचे सातच्या सात गेले. ग्रहमैत्री टिकली, कारण बुध आणि शुक्र मित्र. तारा, योनी, गण, नाडी नक्षत्रावर असल्याने तसेच. ३६ चे झाले २७. आणि हे फक्त गुणांचं. लग्न धनूचं थेट मिथुन झालं, म्हणजे सगळी पत्रिकाच उलटी फिरली.

यातून दोन्ही पद्धतींचा स्वभाव कळतो. गुणमेलन वेळेच्या चुकीला बऱ्यापैकी सोसतं. जन्मवेळ तासभर इकडेतिकडे झाली तरी बहुतेकदा गुण हलत नाहीत, फक्त चंद्र नक्षत्राच्या किंवा राशीच्या कडेवर असेल तर एकदम उडी मारतात. जन्मगावानेही गुणांत फरक पडत नाही, कारण एका क्षणी चंद्र सगळ्या जगाला एकाच अंशावर असतो. वर परदेशात जन्मलेला असेल तेव्हा मात्र वेळ कुठल्या देशाची आहे ते नीट टाकावं लागतं. पूर्ण पत्रिका वेळेला फार हळवी. लग्नाचा एक अंश साधारण चार मिनिटांचा. घड्याळात एकच वेळ असली तरी ठाणे आणि नागपूर यांच्या लग्नात सुमारे सहा अंशांचा फरक येतो, कारण नागपूरला सूर्य जवळपास पंचवीस मिनिटं आधी उगवतो. विवाहासाठी पाहतात ती नवमांश कुंडली तर तेराएक मिनिटांनी बदलते.

म्हणून वेळेचा भरवसा नसताना 'सखोल पत्रिका जुळवून देतो' म्हणणाऱ्याकडे जपून पाहावं. त्याच्या हातात लग्नच नक्की नाही, मग तो काय जुळवणार? अशा वेळी गुणमेलन आणि चंद्रावरून दिसणाऱ्या गोष्टी एवढ्यावरच थांबणं प्रामाणिकपणाचं. नावरासही अशीच फसवी. रोहिणीच्या चरणांची अक्षरं ओ, वा, वी, वू आणि मृगाची वे, वो, का, की. पूर्वी चरणाक्षरावरून नाव ठेवत तेव्हा नावावरून नक्षत्र सांगता येई. आज घरात आवडलं म्हणून 'काव्या' नाव ठेवलंय. त्यावरून मृग नक्षत्र धरून गुण काढले, तर ते गुण त्या नावाचे, मुलीचे नव्हेत.

दोन ॲपांत दोन आकडे आले तरी घाबरू नये. राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची ते अयनांशावर ठरतं आणि बहुतेक मराठी पंचांगं चित्रापक्ष अयनांश वापरतात. कुणी रमण अयनांश निवडलेला असेल तर दीडेक अंशाचा फरक पडतो, म्हणजे चंद्राच्या चालीतले अडीच-तीन तास. कडेवरचा चंद्र तेवढ्याने खण बदलतो. शिवाय गण, वश्य आणि योनी यांचे मधले आकडे कोष्टकागणिक थोडे वेगळे असतात. एक-दोन गुणांचा फरक तिथला, सात-आठचा असेल तर खण बदललाय.

साडेचौदा गुणांचं स्थळ

आता उलट बाजू. वराचा चंद्र भरणीत, रास मेष. वधूचा अनुराधेत, रास वृश्चिक. वर्ण ०, वश्य १, तारा दीड, योनी २, ग्रहमैत्री ५, गण ५, राशिकूट ०, नाडी ०. एकूण साडेचौदा. किमान मानलेल्या अठराच्या खाली. बहुतेक घरांत इथे टिपण परत जातं.

पण गेलेत कुठे? राशिकूट आणि नाडी या दोघांनी मिळून १५ गुण खाल्ले. हे दोन गेले की उरलेलं सगळं जुळलं तरी २१ च्या वर जाताच येत नाही. आणि हे दोन जाणं काही दुर्मीळ नाही. दोन राशींमध्ये बारा प्रकारची अंतरं असू शकतात, त्यांतली सहा (२-१२, ५-९, ६-८) राशिकूटात शून्य देतात. म्हणजे निम्मी स्थळं. नाड्या तीन, प्रत्येकीत नऊ नक्षत्रं, म्हणजे एकनाडी साधारण तीनात एक. या दोन कूटांचं वजन पाहिलं तर गुणमेलनातला बराचसा 'निकाल' म्हणजे कुठल्या खणात पडलो याचा योगायोग आहे, असं म्हणावं लागतं.

मेष आणि वृश्चिक हे षडाष्टक. पण षडाष्टकांतही दोन प्रकार आहेत आणि ते जुन्या मराठी घरांत तोंडपाठ असत : प्रीतिषडाष्टक आणि मृत्युषडाष्टक. मेष-वृश्चिक, मिथुन-मकर, सिंह-मीन, तूळ-वृषभ, धनू-कर्क, कुंभ-कन्या ही प्रीतिषडाष्टकं, कारण स्वामी एकच किंवा जमणारे. आपल्या जोडीत दोन्ही राशींचा स्वामी मंगळ. शास्त्राप्रमाणे इथे राशिकूटाचा दोष धरत नाहीत. कोष्टकाला मात्र अपवाद कळत नाही, तिथे शून्यच छापलेलं असतं. ॲपने दिलेला आकडा वाचताना हा पहिला प्रश्न विचारावा : शून्य आलेल्या कूटाला परिहार आहे का?

नाडीला इथे सोपा परिहार नाही. दोघांची मध्य नाडी आणि नक्षत्रंही वेगळी, राशीही वेगळ्या. परंपरा एकनाडीचा संबंध संततीशी लावते. तेव्हा पूर्ण पत्रिकेत सरळ संततीचंच स्थान पाहायचं, दोघांचं पाचवं आणि गुरू. ते बळकट असेल तर जाणते ज्योतिषी एकनाडीवर अडत नाहीत. या जोडीत वराचं लग्न सिंह आणि वधूचं कुंभ असेल, तर लग्नं समोरासमोर. वराच्या सातव्यात स्वराशीचा शनी, वधूचा सप्तमेश सूर्य मेषेत उच्चीचा. दोघांनाही मंगळ आहे, पण वराचा चौथ्यात स्वराशीचा आणि वधूचा बाराव्यात उच्चीचा, त्यामुळे एकमेकांना सांभाळणारे. दोन्ही सप्तमेश बळकट, जे छत्तीस गुणांच्या जोडीत नव्हतं. साडेचौदाचं स्थळ ज्योतिषाच्याच नियमांनी छत्तीसच्या स्थळापेक्षा उजवं निघालं.

नाडी आणि रक्तगट यांचा मात्र काहीही संबंध नाही. 'एक नाडी म्हणजे एक रक्तगट' हे ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून आणि रक्तगट आईवडिलांच्या जनुकांवरून. एकच रक्तगट असलेल्या नवराबायकोला त्यामुळे मुलं होण्यात अडचण येत नाही. खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे थॅलेसेमिया. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक असणाऱ्याला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. HbA2 ची रक्ततपासणी लग्नाआधी एकदा केली की कळतं. स्थळं पाहणाऱ्या घरांनी नाडीच्या काळजीतला निम्मा वेळ इकडे द्यावा.

पूर्ण पत्रिका पाहणं म्हणजे अचूक उत्तर, असंही नाही. तिथे आकडा नसतो, वाचणारा असतो. सातव्यातल्या मंगळाला एक 'सौम्य' म्हणेल, दुसरा 'कडक'. दोन ज्योतिष्यांकडे गेलं की दोन मतं येतात. २००८ च्या सुमारास जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिष्यांची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. निकाल नाणेफेकीपेक्षा बरा आला नाही. ती चाचणी विवाहाची नव्हती, पण पत्रिकेतून माणसाबद्दल ठाम विधान करण्याबद्दल ती बरंच सांगते. ज्योतिष मानणाऱ्यानेही म्हणून पूर्ण पत्रिकेतून निघालेल्या गोष्टी निकाल न समजता प्रश्न समजाव्यात. पहिल्या जोडीत तो प्रश्न होता : ही फटकन बोलते, हा गप्प बसतो, तर भांडण झाल्यावर दोघं काय करतात? त्याचं उत्तर पत्रिकेत नाही, चार वेळा भेटल्यावर मिळतं.

टिपण देताना तीन गोष्टी लिहून द्याव्यात : वेळ सकाळची की रात्रीची हे शब्दांत, वेळ कुठून आली (इस्पितळाचा कागद की आठवण) आणि जन्मगाव. मध्यरात्रीनंतरचा जन्म असेल तर तारीख कुठली धरली तेही. आपल्या मराठी घरांत सूर्योदयापासून दिवस मोजायची सवय आहे, त्यामुळे 'सोमवारी रात्री दोन वाजता' म्हणजे इंग्रजी तारखेप्रमाणे मंगळवार असतो, आणि ॲपमध्ये सोमवार पडला की चंद्र पूर्ण एक नक्षत्र मागे जातो. आपल्या छत्तीसच्या जोडीत अशी एका दिवसाची चूक झाली असती तर वर मृगाऐवजी रोहिणीत गेला असता, दोघांची नाडी एक झाली असती आणि नाडीचे आठ गुण गेले असते.